फुटायचं की दडायचं?

ई. कोलाय जिवाणूंचा दाट थर वाढलेल्या बशीवर लॅम्डा नावाचा विषाणू टाकला, तर दुसऱ्या दिवशी त्या थरात लहान लहान गोल भोकं पडलेली दिसतात. एकेका विषाणूपासून सुरू झालेल्या संहाराच्या या खुणा. पण नीट पाहिलं तर भोकांचा मध्यभाग धुरकट असतो. तिथे काही जिवाणू मेलेले नसतात. उलट ते वाढलेले असतात, आणि त्या प्रत्येकाच्या डीएनएत लॅम्डाचा डीएनए जोडला गेलेला असतो.

लॅम्डा हा जिवाणूंना लागण करणारा विषाणू, म्हणजे फेज. पेशीत शिरल्यावर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे पाऊण तासाच्या आसपास शंभरेक नवे विषाणू तयार करून पेशी फोडायची. दुसरी म्हणजे जिवाणूच्या डीएनएत सामावून गप्प राहायचं. मग जिवाणू दुभंगला की विषाणूच्या डीएनएचीही आपोआप प्रत निघते. एस्थर लेडरबर्ग यांना लॅम्डा सापडला तो असाच दडलेला. प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या के-१२ या ई. कोलायच्या वाणात तो होता, आणि १९५१ मध्ये त्यांनी तो उजेडात आणला.

काही लॅम्डांची भोकं मात्र काचेसारखी स्वच्छ असतात. त्यांना दडताच येत नाही. अशा विषाणूंमध्ये बहुधा सीआय नावाचं जनुक बिघडलेलं असतं. या जनुकापासून बनणारं प्रथिन मार्क टाश्ने यांनी १९६७ मध्ये हार्वर्डमध्ये वेगळं काढलं. त्याचं काम दाबून ठेवण्याचं आहे. ते डीएनएला चिकटतं आणि विषाणूची बाकीची जनुकं बंद ठेवतं. याचा प्रतिस्पर्धी म्हणजे क्रो हे दुसरं प्रथिन, आणि तेही दाबणारंच. सीआय क्रोला बनू देत नाही, क्रो सीआयला बनू देत नाही.

ही लढत चालते ती डीएनएच्या एका छोट्या पट्ट्यावर. त्याच्या एका अंगाला सीआयचं जनुक, दुसऱ्या अंगाला क्रोचं, आणि मध्ये प्रत्येकी १७ अक्षरांच्या तीन जागा. पहिल्या दोन जागा अडल्या की क्रोचं जनुक वाचलं जात नाही, तिसरी अडली की सीआयचं. दोन्ही प्रथिनं याच तीन जागांवर बसतात, पण उलट्या क्रमाने. सीआय आधी पहिल्या जागेवर बसतं. क्रो आधी तिसऱ्या जागेवर बसतं.

सीआयचे रेणू जोडीजोडीने बसतात. पहिल्या जागेवर एक जोडी बसली की ती शेजारच्या दुसऱ्या जागेवर आणखी एका जोडीला धरून ठेवते, त्यामुळे या दोन्ही जागा जवळपास एकदमच भरतात. दुसऱ्या जागेवरची जोडी तर आणखी एक काम करते. ती जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला सीआयच्या जनुकाकडे खेचून घेते. म्हणजे सीआय क्रोला दाबता दाबता स्वतःचं उत्पादन वाढवत राहतं. ते फार वाढलं, तर तिसऱ्या जागेवर बसून स्वतःलाच आवर घालतं. दडलेला लॅम्डा बाळगणाऱ्या पेशीत सीआयचे साधारण दोनशे रेणू असतात, आणि ही स्थिती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. बाहेरून दुसरा लॅम्डा शिरला तरी हेच सीआय त्यालाही गप्प करतं.

आता या पेशींवर अतिनील किरण सोडा. जिवाणूचा डीएनए तुटतो, आणि तो दुरुस्त करायला धावणारं रेकए हे जिवाणूचंच प्रथिन सक्रिय होतं. त्याच्या सान्निध्यात सीआयचा रेणू मधोमध स्वतःलाच कापतो. कापलेल्या तुकड्यांना जोड्या धरता येत नाहीत आणि ते डीएनएवरून सुटतात. जागा एकमेकींच्या आधारानेच भरलेल्या असल्यामुळे सीआय ठरावीक मर्यादेखाली गेलं की पकड झपाट्याने ढासळते. क्रो बनू लागतं, तिसरी जागा अडवतं, आणि सीआयचा परतीचा रस्ता बंद होतो. मला या रचनेत सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की जिवाणूने स्वतःच्या बचावासाठी दिलेली हाक विषाणूने आपल्या सुटकेची खूण बनवली आहे.

नव्याने शिरलेल्या विषाणूचा पहिला निर्णय मात्र सीटू या तिसऱ्या, अल्पजीवी प्रथिनावर ठरतो. सीआयचं उत्पादन सुरू करून देणारं हेच. जिवाणूची विकरं त्याला भराभर खाऊन टाकतात. पेशी उपाशी असेल, किंवा एकाच पेशीत बरेच विषाणू शिरले असतील, तर सीटू पुरेसं साचतं आणि विषाणू दडण्याकडे झुकतो.

लॅम्डाचे भाऊबंद माणसालाही त्रास देतात. ओ१५७ या घातक ई. कोलायमधल्या शिगा विषाचं जनुक अशाच दडलेल्या फेजच्या डीएनएत असतं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक जिवाणूच्या डीएनएला इजा करतं, रेकए सक्रिय होतं, स्विच उलटतो आणि विष बनू लागतं. पेशी फुटली की ते बाहेर पडतं. म्हणूनच या संसर्गात डॉक्टर सहसा प्रतिजैविकं टाळतात आणि शरीरातलं पाणी व मूत्रपिंडं सांभाळण्यावर भर देतात.