राब न भाजता रोप

कान्ह्याच्या ग्रामसभेत बोलायला हवे ते राब भाजण्याबद्दल. पालापाचोळा, शेण, पेंढा पसरून रोपवाटिकेची जमीन भाजली की तण जळते, राखेतून पालाश मिळते आणि रोप तरारते. हा अनुभव खराच आहे. पण सेंद्रिय पदार्थ कुजवणारे जिवाणू आणि बुरशी सर्वाधिक असतात त्या वरच्या थरालाच धग लागते, पाल्यातले बरेचसे नत्र धुरावाटे जाते आणि उरलेल्या जिवाणूंना खायला कर्ब राहत नाही. ते पुन्हा वाढतात, पण दरवर्षी भाजल्यास त्यांना सावरायला वेळच मिळत नाही.

मग तणाचे काय? पहिल्या पावसाने उगवलेले तण कुळवून घ्यावे आणि मगच मीटरभर रुंद, अर्धी वीत उंच गादीवाफा करावा. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत वाफ्याला भाताच्या तुसाची काळी राख देतात आणि पेंढा पहिल्या नांगरणीच्या वेळी शेतात गाडतात. पेंढा उशिरा गाडला तर जिवाणू नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळे पडते. गुरांना पेंढा लागत असेल तर तो गोठ्यातच जाऊ द्या, शेतात शेणखत येऊ द्या. यंदा निदान एक वाफा न भाजता करून पाहा.