वीस लाखांचे विलीनीकरण, सात तुलनांत

दोन सर्व्हर आहेत असे धरू. प्रत्येकाजवळ दहा लाख कामे खोळंबलेली आहेत आणि प्रत्येक कामाला अग्रक्रमाचा एक आकडा आहे. आकडा जितका लहान, तितके काम आधी. त्यातला एक सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद करायचा असल्याने त्याची सगळी कामे दुसऱ्याच्या रांगेत मिसळायची आहेत. मिसळल्यानंतरही ‘आता सर्वांत निकडीचे काम कोणते?’ या प्रश्नाचे उत्तर चटकन मिळायला हवे. यासाठी किती मेहनत पडेल, हे कामे किती आहेत यापेक्षा ती कशी मांडून ठेवली आहेत यावर अवलंबून असते.

सर्वांत रुळलेली मांडणी म्हणजे बायनरी हीप. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी ती 1964 साली मांडली. तिच्यात सगळे आकडे एकाच झाडात बसतात. प्रत्येक आकड्याखाली जास्तीत जास्त दोन आकडे असतात आणि वरचा खालच्यांपेक्षा मोठा नसतो, त्यामुळे सर्वांत लहान आकडा नेहमी शेंड्यावर सापडतो. झाडाची प्रत्येक पातळी डावीकडून भरत जाते, मध्ये भोक राहत नाही. म्हणूनच हे झाड एका सलग यादीत लिहून ठेवता येते: i या जागेवरच्या आकड्याची मुले 2i आणि 2i+1 या जागांवर. दुवे जपायची गरजच नाही. ही काटकसर फार मोलाची आहे, पण विलीनीकरणाच्या वेळी तीच आड येते.

दोन भरीव झाडे जोडून तिसरे भरीव झाड आपोआप होत नाही. एका यादीच्या शेपटाला दुसरी चिकटवली की वरचा-खालचा क्रम बिघडतो, आणि तो नव्याने लावावा लागतो. पायथॉनमध्ये हे काम असे करतात:

```python
a.extend(b)
heapq.heapify(a)
```

`heapify` झाडाच्या तळाकडून वर येत प्रत्येक आकडा योग्य जागी उतरवते. निम्मे आकडे तळाशीच असल्याने त्यांना उतरायला जागा नसते, एक चतुर्थांश फार तर एक पायरी उतरतात, एक अष्टमांश दोन. ही बेरीज एकूण आकड्यांच्या संख्येपुढे जात नाही. पारंपरिक पद्धतीत एका पायरीला दोन तुलना लागतात, म्हणजे वीस लाखांसाठी जास्तीत जास्त चाळीस लाख तुलना. त्याऐवजी एकेक काम दुसऱ्या रांगेत घालत गेलो, तर वाईटात वाईट परिस्थितीत दहा लाख कामांना प्रत्येकी वीसेक, म्हणजे सुमारे दोन कोटी तुलना पडतात. क्लृप्ती कोणतीही काढली, तरी सलग यादी हवी असेल तर निदान लहान यादीतला प्रत्येक आकडा उचलून दुसरीकडे न्यावाच लागतो.

इथे `heapq.merge` हे नाव अनेकांना फसवते. ते आधीच क्रमाने लावलेल्या याद्या एकत्र करण्यासाठी आहे, आणि हीपची यादी पूर्ण क्रमात नसते. दोन हीप त्याला दिले तर ते तक्रार न करता उत्तर देते, पण त्या उत्तरात पुढचा आकडा आधीच्यापेक्षा लहान निघाला की घोटाळा उघड होतो.

फ्रेंच संशोधक ज्याँ व्युइमाँ यांनी 1978 साली बायनोमियल हीप मांडला. त्यांनी एकाच झाडाचा हट्ट सोडला. त्यांच्या मांडणीत झाडे अनेक असतात, पण प्रत्येक झाडात 1, 2, 4, 8, 16 असेच आकडे मावतात आणि एका मापाचे झाड एकदाच येते. नियम एकच: सारख्या मापाची दोन झाडे भेटली की त्यांच्या शेंड्यांची तुलना करायची आणि ज्याचा शेंडा मोठा, ते झाड दुसऱ्याच्या शेंड्याखाली जसेच्या तसे टांगायचे. एक तुलना, एक दुवा, आणि दुप्पट मापाचे झाड तयार. आतल्या आकड्यांना हात लावावा लागत नाही.

आता 13 आकड्यांचा एक हीप घेऊ. 13 म्हणजे 8 + 4 + 1, तेव्हा झाडे तीन. त्यांचे शेंडे अनुक्रमे 3, 5 आणि 9. दुसरा हीप 7 आकड्यांचा, म्हणजे 4 + 2 + 1. शेंडे 6, 4 आणि 12. सर्वांत लहान मापापासून सुरुवात करू. एकेकट्या 9 आणि 12 मध्ये 12 खाली जातो, आणि दोनच्या मापाचे झाड हातचा म्हणून पुढे येते. त्या मापाला दुसऱ्या हीपचे 4 शेंड्याचे झाड आहेच. 9 त्याच्याखाली जातो आणि चारच्या मापाचा हातचा तयार होतो. आता चारच्या मापाची तीन झाडे जमली: शेंडे 5, 6 आणि 4. इथे हातचा तसाच ठेवायचा आणि उरलेली दोन जोडायची. 6 हा 5 खाली गेला. त्यातून झालेले आठचे झाड आधीच्या 3 शेंड्याच्या आठच्या झाडाला भेटते, 5 खाली जातो आणि सोळाचे झाड होते. शेवटी उरतात सोळाचे आणि चारचे अशी दोन झाडे, एकूण 20 आकडे. तुलना झाल्या फक्त चार.

ही पायरीन् पायरी म्हणजे 1101 आणि 0111 या द्विमान संख्यांची बेरीज आहे. उत्तर येते 10100.

आता आपले सर्व्हर. दहा लाख ही संख्या द्विमान पद्धतीत लिहिली की तिच्यात सात एक येतात, म्हणजे प्रत्येक हीपमध्ये सात झाडे: 64, 512, 16384, 65536, 131072, 262144 आणि 524288 आकड्यांची. दोन्हीकडे अगदी तीच मापे असल्याने प्रत्येक मापाची एक जोडी जुळते. सात तुलना, सात दुवे, काम संपले. दहा लाखांच्या आसपासच्या इतर कोणत्याही संख्या घेतल्या तरी तुलना विसाच्या आगेमागेच थांबतात, कारण खर्च संख्येतल्या अंकांच्या प्रमाणात वाढतो, संख्येच्या नाही. मला या रचनेतले सर्वांत सुंदर वाटते ते हेच.

बाकीची कामेही याच क्रियेवर चालतात. नवा आकडा घालणे म्हणजे एका आकड्याच्या हीपशी विलीनीकरण. सर्वांत लहान आकडा काढायचा असेल तर सगळे शेंडे पाहून तो शोधायचा. वरच्या उदाहरणात 3 काढला की सोळाच्या झाडाची 8, 4, 2 आणि 1 मापाची मुले सुटी होतात. तो 15 आकड्यांचा हीपच असतो. उरलेल्या चारच्या झाडाशी तो मिसळला की 16 + 2 + 1, म्हणजे 19.

प्रोग्रॅम लिहिताना चुका बहुधा दोन ठिकाणी होतात. एकाच मापाची तीन झाडे येऊ शकतात हे विसरले जाते, किंवा सुट्या झालेल्या मुलांची यादी मोठ्याकडून लहानाकडे असते ती उलटवायची राहून जाते. तपासणी सोपी आहे: हीपमधल्या झाडांची संख्या ही एकूण आकड्यांच्या द्विमान रूपातल्या एकांच्या संख्येएवढी असलीच पाहिजे. प्रत्येक क्रियेनंतर हे पडताळणारी एक ओळ चाचणीत टाकावी.

तरीही बायनरी हीप मागे पडलेला नाही. बायनोमियल हीपमधला प्रत्येक आकडा आपल्यासोबत मुलाचा, भावंडाचा आणि बहुधा पालकाचाही दुवा बाळगतो. जागा जास्त लागते, आणि दुवे स्मृतीत विखुरलेले असल्याने प्रोसेसरला सलग यादीइतक्या वेगाने ते वाचता येत नाहीत. रांगा रात्री एकदाच मिसळायच्या असतील आणि दिवसभर नुसती घाल-काढ असेल, तर मी बायनरी हीपच घेईन. मिसळणे वारंवार होत असेल तरच व्युइमाँची रचना आपला खर्च भरून काढते.

मायकेल फ्रेडमन आणि रॉबर्ट टारजन यांनी फिबोनाची हीपमध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. तिथे विलीनीकरणात झाडे जोडतच नाहीत. दोन्ही याद्या नुसत्या सलग करतात, त्यामुळे रांगा कितीही मोठ्या असल्या तरी खर्च तेवढाच. जोडाजोडी पुढच्या काढण्याच्या वेळी होते. सरासरीत हा व्यवहार फायद्याचा ठरतो, पण एखादे काढणे मात्र साऱ्या तुंबलेल्या झाडांचा भार घेऊन येते आणि लाखो पायऱ्या घेऊ शकते. प्रत्येक काम ठरावीक वेळेत उरकलेच पाहिजे अशी अट असेल, तिथे हातच्याची बेरीज लगेच करून टाकणारा बायनोमियल हीपच निवडावा लागतो.