दोन दिवसांचं शूटिंग, पंधरवड्याच्या क्लिपा

लेखांक ४

मागच्या लेखांकात आपण एका मिनिटाच्या क्लिपसाठी सव्वाशे शब्दांची संहिता कशी लिहायची ते पाहिलं. आता अशा चौदा संहितांचं शूटिंग शनिवार-रविवारात कसं बसवायचं, ते पाहू.

समजा, लातूर तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांना सोयाबीनच्या पेरणीआधी रोज एक क्लिप द्यायची आहे. त्यांचा भाचा नांदेडला शिकतो. कॅमेरा आणि एडिटिंग त्याच्याकडे आहे, पण तो येणार फक्त सुट्टीचे दोन दिवस. पहिली क्लिप १ जूनला जाणार, म्हणून शूटिंग मे महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ठेवायचं.

चौदापैकी बाराच क्लिपा आधी शूट करायच्या आणि दोन जागा मोकळ्या ठेवायच्या. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला आधी शूट करता येतो. पण आपल्या मंडळात तेवढा पाऊस झाला की नाही, हे त्या दिवशीच सांगता येतं. मोकळ्या जागा अशा बातमीसाठी. बाकीच्या संहितांतून ‘आज’, ‘काल’, ‘या पावसानं’ असे शब्द गुरुवारीच काढून टाकायचे. त्यातला एक जरी राहिला तरी पाऊस लांबला की क्लिप वाया जाते. शेतातली चौकटही जवळची धरायची. मागे कोरडं रान आणि निरभ्र आभाळ दिसलं, तर पाऊस पडून गेल्यावर ती क्लिप जुनी वाटते.

मग बारा संहिता जागेनुसार वाटायच्या. पेरणीची खोली, दोन ओळींतलं अंतर, तिफण आणि बीबीएफ यंत्र अशा पाच क्लिपा शेतातल्या. बियाण्याच्या चार गोदामातल्या आणि नुसतं बोलायच्या तीन दुकानातल्या. शेतात सकाळी साडेसहा ते नऊ या वेळेत काम करायचं. त्यानंतर ऊन डोक्यावर येतं, टोपीखाली चेहरा काळा पडतो आणि वारा माइकमध्ये घुसतो. दुपार गोदामाला आणि दुकानाला द्यायची. एका क्लिपला सरासरी पंचवीस मिनिटं धरली तर बारा क्लिपांना पाच तास होतात. उरलेला वेळ जागा बदलण्यात आणि मांडामांडीत जातो, तो आधीच हिशेबात धरायचा.

खरी अडचण उगवण चाचणीच्या क्लिपची. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, ती ओली ठेवायची आणि आठवड्यानं कोंब मोजायचे. शंभरातले ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायला योग्य. हा आठवडा दोन दिवसांत कसा दाखवणार? त्यासाठी एकाच पोत्यातल्या बियाण्याच्या तीन गुंडाळ्या करायच्या : पहिली आदल्या शनिवारी, दुसरी बुधवारी आणि तिसरी प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर. मांडणी तिसरीत दिसते, फुटणारा कोंब दुसरीत आणि मोजणी पहिलीत. मोजणी मात्र पूर्ण आठवडा झालेल्या गुंडाळीचीच करायची, आणि या वेगवेगळ्या गुंडाळ्या आहेत हे बोलूनही टाकायचं. नाहीतर पाहणाऱ्याला तीन दिवसांतच निकाल मिळतो असं वाटेल.

गोदामातला क्रमही ठरलेला असतो. बीजप्रक्रियेत बुरशीनाशक लावलं की दाण्याला रंग चढतो, मग ते बियाणं स्वच्छ दाण्यांच्या क्लिपला चालत नाही. म्हणून दाणे निवडणं आणि उगवण चाचणी आधी, बीजप्रक्रिया सगळ्यांत शेवटी. प्रक्रियेतही आधी रसायन, मग जिवाणू खत. हा क्रम चुकवून केलेलं शूटिंग एडिटिंगमध्ये दुरुस्त होत नाही, कारण बियाण्याचा रंग आणि हातमोजे पडद्यावर दिसतात.

प्रत्येक टेक सुरू करताना क्रमांक मोठ्यानं बोलायचा : ‘सात, टेक दोन’. नांदेडला बसून पन्नासेक फाइली चाळताना भाच्याला तोच आधार असतो. जागा सोडण्याआधी एक टेक इअरफोन लावून ऐकायचा. वाऱ्याची घरघर फोनच्या स्पीकरवर कळत नाही आणि परत यायला दुसरा शनिवार नसतो.

क्लिपा दाखवायचा क्रम शूटिंगच्या क्रमाहून वेगळा. उगवण चाचणी १ जूनलाच द्यायला हवी. मराठवाड्यात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो, आणि चाचणीला आठवडा लागतो. ती दहा तारखेला दाखवली, तर शेतकऱ्याच्या हातात वेळच उरत नाही. बीजप्रक्रियेची क्लिप मात्र मागे ठेवायची, कारण ते काम पेरणीच्या तोंडावरचं. पाऊस लांबला तर तिला आणखी मागे सरकवायचं आणि दुकानातली एखादी पुढे आणायची. तारखेचा उल्लेख नसल्यानं हे सहज जमतं.

पुढच्या लेखांकात : बारा क्लिपांचं एडिटिंग आणि मथळे.