पुढे कोण, मागून केव्हा?

आष्टी, कारंजा, आर्वी हा संत्र्याचा पट्टा. सेवाग्राम आणि सावंगी इथली नर्सिंग कॉलेजं जवळ असल्यानं या भागातल्या शेतकरी घरात मुलगी किंवा सून नर्स असणं नवलाचं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून जर्मन भाषेचे वर्ग, एजंटांचे फोन आणि 'तिकडं नर्सला मागणी आहे' ही बातमी तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. त्यातून घराघरात एक नवा प्रश्न उभा राहिला. आजवर नवरा परदेशी जायचा आणि बायको मागून जायची. इथं बोलावणं बायकोला आहे.

एखादी सासू म्हणते, "बाई पुढं अन् माणूस मांगं, असं कुठी रायते का?" राहतं, आणि पूर्वीही राहिलं आहे. एप्रिल 1883 मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून एकट्याच अमेरिकेला निघाल्या. पोस्टातली नोकरी करणारे गोपाळराव नंतर गेले. मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाईंना पदवी मिळाली तेव्हा ते तिथं हजर होते. त्या शिकायला गेल्या होत्या, आजची नर्स कमवायला जाते. पण मागून जाणाऱ्या नवऱ्यानं तिथं काय करायचं, हा प्रश्न तेव्हाही होता.

अशा घरांत चर्चा बहुतेक 'जायचं की नाही' यावर अडते. माझ्या मते खरा प्रश्न 'मागून केव्हा' हा आहे. त्याचं उत्तर जर्मनीच्या नियमांत आणि इथल्या बागेच्या वेळापत्रकात आहे, आणि दोन्ही समोर ठेवल्याशिवाय हा निर्णय होत नाही.

उदाहरण म्हणून एक जोडपं घेऊ. ती जीएनएम झालेली, वर्ध्याकडे एका दवाखान्यात स्टाफ नर्स. तो आयटीआय इलेक्ट्रिशियन, गावात वायरिंगची कामं करतो आणि वडिलांसोबत पाच एकर संत्रा सांभाळतो. तिला जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमाकडून नोकरीचं पत्र आलं आहे. तो म्हणतो, "तू जाय पुढं, मी मांगून येतो." वाक्य प्रेमाचं आहे, पण त्यात तारीख नाही.

आधी तिची वाट पाहू. जर्मनीत नर्स म्हणून काम करायला भारतातली पात्रता तशीच चालत नाही. कागदपत्रांची तपासणी होऊन बहुतेकींना 'एवढं कमी पडतं' असं पत्र मिळतं. मग ती कमतरता भरून काढण्याच्या परवान्यावर तिथं जायचं, प्रशिक्षण घ्यायचं किंवा परीक्षा द्यायची आणि भाषेची बी2 पातळी गाठायची. त्यानंतर नर्स म्हणून मान्यता. हा टप्पा साधारण वर्ष-दीड वर्षाचा असतो. परवाना सहसा दोन वर्षांपर्यंतचा असतो आणि वाढवून जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत जातो. मान्यतेच्या परीक्षेत नापास झाल्यास ती पुन्हा एकदाच देता येते. म्हणजे 'जमेल हळूहळू' म्हणायला कायद्यात फारशी जागा नाही.

या काळात ती नर्स नसते, सहाय्यक असते, आणि पगारही सहाय्यकाचा. 1 जुलै 2025 पासून सेवाशुश्रूषेच्या क्षेत्रात अप्रशिक्षित सहाय्यकाला किमान 16.10 युरो आणि मान्यताप्राप्त नर्सला किमान 20.50 युरो तासाला ठरले आहेत. आठवड्याला 39 तास धरले तर सहाय्यकाचे महिन्याला सुमारे 2,720 युरो होतात. कर आणि विमा कापून हातात पडतात अंदाजे अठराशे-एकोणीसशे. नवरा भारतात असेपर्यंत ती करासाठी एकटीच धरली जाते. तो तिकडे राहायला आला आणि त्यांनी करवर्ग बदलून घेतला की कपात कमी होते. पगारपत्रकावर हा फरक दिसतो.

आता त्याची वाट. ती मान्यतेच्या टप्प्यात असतानाच त्याला जायचं असेल तर जोडीदाराचा व्हिसा मिळू शकतो, पण तीन गोष्टी लागतात. एक, सर्वसाधारणपणे त्याला जर्मनची ए1 परीक्षा पास व्हावी लागते. दोन, राहायला पुरेशी जागा हवी. सहा वर्षांवरच्या माणसाला साधारण 12 चौरस मीटर असं मोजमाप धरलं जातं. नोकरी देणारी संस्था सुरुवातीला वसतिगृहात एक खोली देते, ती यात बसत नाही. तीन, तिच्या पगारात दोघांचं भागलं पाहिजे.

इथं कागद-पेन्सिल घ्यावी. जोडप्यातल्या प्रत्येकाच्या रोजच्या खर्चासाठी जर्मन सरकारनं धरलेला आकडा 506 युरो आहे, दोघांचे झाले 1,012. तिच्या हातातले 1,880 धरले तर घरभाडं आणि हीटिंगसाठी उरतात 868. लहान गावात त्यात दोघांचं घर मिळू शकतं, स्टुटगार्टसारख्या शहरात ते फार कठीण. म्हणून नोकरीचं पत्र आल्यावर पगाराआधी गावाचं नाव वाचावं. नवरा सोबत राहू शकेल की नाही, हे बरंचसं त्या नावावर ठरतं.

ती मान्यताप्राप्त नर्स झाली की चित्र बदलतं. 2022 च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीनंतर कुशल कामगाराच्या जोडीदारावर ए1 ची सक्ती राहिलेली नाही. पगार वाढलेला असतो आणि जागेची अटही सैल झालेली असते. कागदाच्या हिशेबानं दुसरा टप्पा नक्कीच सोपा आहे. किंमत एकच, वर्ष-दीड वर्षाचा दुरावा. नव्यानं लग्न झालेल्या जोडप्याला ती लहान वाटत नाही, आणि कुणी तसं म्हणूही नये. तरी माझा कौल दुसऱ्या टप्प्याकडे आहे, एका अटीवर. ते वर्ष त्यानं नुसतं वाट पाहण्यात घालवायचं नाही.

याचं कारण तिथल्या त्याच्या कामात आहे. जोडीदाराच्या परवान्यावर जर्मनीत पहिल्या दिवसापासून कोणतीही नोकरी करता येते. अमेरिकेत एच-1बी वर गेलेल्यांच्या अनेक जोडीदारांना ही मोकळीक नसते, त्यामुळे जर्मनीची ही बाजू भक्कम आहे. पण परवानगी मिळाली म्हणजे काम मिळालं असं होत नाही. त्याच्या आयटीआयच्या प्रमाणपत्राची तिथं तुलना करून घ्यावी लागते, आणि जर्मन न येणाऱ्याला कुणी वायरिंगला हात लावू देत नाही. गाडी चालवून पोट भरू म्हटलं तर भारतीय परवाना तिथं राहायला लागल्यापासून सहाच महिने चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. संत्र्याची छाटणी आणि बहाराचा ताण यांचं ज्ञान कोणत्याच अर्जात भरता येत नाही. मग गोदामात खोकी उचलणं नाहीतर स्वयंपाकघरातली भांडी. हे काम हलकं नाही, पण गावात ज्याच्या शब्दाला किंमत आहे त्याला ते पहिल्या हिवाळ्यात जड जातं. ए1 ची सक्ती नसली तरी त्यानं इथं असतानाच बी1 पर्यंत जावं, असं मी म्हणतो ते यासाठी. बी1 पर्यंत पोचलेल्या इलेक्ट्रिशियनला तिकडे मदतनीस म्हणून तरी आपल्याच कामात शिरता येतं.

दुसरी बाजू बागेची. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ दिवाळीच्या आसपास तुटायला लागतं. मृग बहार पावसाच्या तोंडावर फुलतो आणि फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं. बहार मध्येच टाकून जाता येत नाही. व्यापाऱ्याशी झाडावरचा सौदा झाला, पैसा हातात आला, मग निघावं. वडील थकलेले असतील तर बाग बटईनं किंवा मक्त्यानं कुणाकडे, किती वर्षांसाठी, हे त्या वेळेपर्यंत कागदावर यायला हवं, आणि विश्वासातल्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्रही. परदेशी नोकरीसाठी गेल्यावर माणूस अनिवासी ठरतो. आधीची शेती त्याच्याच नावावर राहते, वारसानं येणारीही येते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. तिकडे कमवून धुऱ्याला लागून असलेलं दोन एकर घेऊ, हा बेत मनात असेल तर तो जाण्याआधीच तपासावा.

घरातले सगळे भावनांवर बोलतात आणि गाडी अडते ती एका कागदावर. तिची नर्सिंगची प्रमाणपत्रं आणि कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या नावानं, आणि लग्नाची नोंद केलेलीच नाही. लग्नाचा फोटो आणि पत्रिका व्हिसाला चालत नाही. नोंदणी ग्रामपंचायतीत होते, उशीर झाला असला तरी होते. त्यात दोघांची नावं, जन्मतारखा आणि लग्नाची तारीख पासपोर्टशी अक्षरशः जुळली पाहिजेत. जर्मनी भारताचं अपोस्टिल मान्य करत नाही. त्यामुळे कागदांची प्रत्यक्ष पडताळणी होऊ शकते आणि तिला महिने लागतात. मागून जाणाऱ्याचा अर्ज बहुधा इथंच रखडतो, आणि तोवर इकडे घरात 'तिनंच बोलावलं नाही' अशी कुजबुज सुरू होते.

एक गोष्ट दोघांनी समोरासमोर बसून बोलावी, कारण ती अवघड आहे. त्याचा परवाना तिच्या परवान्यावर टेकलेला असतो. ती परत आली किंवा संसार मोडला तर सर्वसाधारणपणे जर्मनीत तीन वर्षं एकत्र राहिल्यावरच त्याला स्वतंत्र हक्क मिळतो. जिच्या नावावर परवाना, तिच्यावर याचं ओझं येतं आणि ज्याच्या नावावर नाही त्याला कमीपणा वाटतो. आजवर परदेशी गेलेल्या आपल्या कितीतरी सुनांनी हे निमूट सोसलं आहे. आता ते जावयाच्या वाट्याला आलं म्हणून दिसू लागलं, इतकंच.

त्यामुळे या जोडप्यासाठी मी वेळापत्रक असं लावीन. लग्नाची नोंदणी आणि नावांची दुरुस्ती लगेच. तिची भाषा आणि त्याची भाषा एकाच वेळी, शक्य तर एकाच वर्गात. ती गेल्यावर पहिल्या आंबिया बहाराचा सौदा होईपर्यंत तो इथं. तिची मान्यता झाली की त्याचा अर्ज. आणि दोन वर्षांत मान्यता झाली नाही तर तिनं परत यावं की मुदतवाढ मागावी, हे जाण्याआधीच ठरलेलं असावं, म्हणजे त्या वेळी फोनवर भांडण होणार नाही.

एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं. कायद्यानं त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं. करारावर सही करण्याआधी नोकरी देणाऱ्या संस्थेकडून दोन गोष्टी लेखी घ्या: मान्यता होईपर्यंतचा पगार किती, आणि नवरा आल्यावर दोघांच्या घरासाठी संस्था काय मदत करेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं, तर सही थांबवा.