दुपारच्या फेरीचा सोबती

पुण्यात वाकड-बाणेरकडील सदनिकांत घरची मंडळी कामावर गेली, की कुत्रा 8-9 तास एकटाच राहतो. लघवी तुंबते, कंटाळून तो दार ओरबाडतो. अशा संकुलात ‘मधली फेरी’ ही सेवा सुरू करता येईल. फिरवणाऱ्याने एका वेळी एकाच घरचा कुत्रा न्यावा, रेबीज लसीची नोंद आधी पाहावी आणि मलमूत्रात काही वेगळे दिसल्यास त्याच दिवशी कळवावे.

उन्हाळ्यात मात्र आपण एक पथ्य घालून द्यावे. हाताची मागची बाजू 7 सेकंद डांबरावर टेकवून पाहावी. चटका बसला, तर पंजेही भाजतील. लंगडणे, पंजे सतत चाटणे ही त्याची खूण. त्या दिवशी फेरी तळमजल्यावरील वाहनतळाच्या सावलीत, 10 मिनिटांचीच असावी.