नावाने नव्हे, नंबराने: गॅरेजमधली स्पेअर पार्टची वही

स्पेअरच्या दुकानात जाऊन "स्प्लेंडरचे मागचे लायनर द्या" म्हटले, की जाणता दुकानदार लगेच डबा काढत नाही. "गाडी कोणत्या साली घेतली?" असे आधी विचारतो. जुन्या स्प्लेंडर प्लसच्या ब्रेक ड्रमचा व्यास ११० मिलिमीटर होता. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली आणि त्या सुमारास आलेल्या स्प्लेंडर प्लसला १३० मिलिमीटरचे ड्रम बसले. टाकीवरचे नाव तेच राहिले, आतला पार्ट मात्र बदलला. लहान शू मोठ्या ड्रमला टेकत नाही आणि मोठा शू लहान ड्रममध्ये जात नाही. पण हे कळते ते चाक खोलल्यावर, आणि तोवर गाडी स्टँडवर अडकलेली असते.

तालुक्याच्या गावातल्या दोन-तीन माणसांच्या गॅरेजमध्ये हा घोटाळा टाळण्याचे साधन म्हणजे स्पेअर पार्टची वही. बहुतेक गॅरेजमध्ये अशी एखादी वही असते, पण तिच्यात पार्टचे नाव, आलेले नग आणि दर एवढेच लिहिलेले असते. म्हणजे ती हिशेबाची वही झाली. कामाच्या वहीला तीन प्रश्नांची उत्तरे देता आली पाहिजेत: या पार्टचा नंबर काय, तो आणखी कोणत्या गाड्यांना चालतो, आणि आत्ता तो कोणत्या खणात आहे. यातला मधला प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि वहीची खरी किंमत त्याच्याच उत्तरात आहे.

आधी नंबराचे पाहू. पाकिटावरचा पार्ट नंबर म्हणजे नुसता अनुक्रमांक नसतो. होंडाच्या पद्धतीत, आणि तिच्यावरून आलेल्या जुन्या हीरो होंडाच्या पद्धतीतही, नंबराचे सहसा तीन तुकडे असतात. पहिले पाच आकडे पार्ट कोणता ते सांगतात: 22870 म्हणजे क्लच केबल, 45450 म्हणजे पुढच्या ब्रेकची केबल, 44830 म्हणजे स्पीडोमीटरची केबल. मधला तुकडा तो पार्ट मुळात कोणत्या मॉडेलसाठी तयार झाला त्याची खूण असतो, आणि शेवटचा तुकडा त्यात पुढे झालेली सुधारणा किंवा प्रकार सांगतो. एवढे कळले तरी बरेच काम सोपे होते. दोन पाकिटांवरचे पहिले पाच आकडे सारखे आणि मधला तुकडा वेगळा असेल, तर काम एकच पण पार्ट वेगळा, असे समजून मोजमाप घ्यायचे. एका मॉडेलचा मधला तुकडा दुसऱ्या मॉडेलच्या पाकिटावर दिसला, तर कंपनीने तोच पार्ट पुढे वापरला, हे उघड होते.

बेअरिंगचा नंबर याहून मोकळा असतो, कारण तो कोणा एका कंपनीचा नसून जगभर एकच चालतो. 6201 आणि 6301 या दोन्ही बेअरिंगचे भोक १२ मिलिमीटरचे असते, कारण शेवटचे 01 भोकाचे माप सांगते. बाहेरचा व्यास मात्र 6201 चा ३२ आणि 6301 चा ३७ मिलिमीटर. अॅक्सल दोन्हींत सहज जातो, म्हणून नुसता अॅक्सल घालून पाहणारा फसतो. वहीत बेअरिंग गाडीच्या नावाने लिहू नये. त्याच्या नंबराने एकच ओळ करावी आणि तो जिथे जिथे लागतो त्या गाड्या पुढे जोडत जाव्यात. पाच गाड्यांच्या नावाने पाच डबे करण्यापेक्षा एका नंबराचा एक डबा ठेवला, की माल कमी लागतो आणि वेळेला सापडतोही.

आता तो अवघड रकाना, 'कोणाला चालतो'. गॅरेजच्या बोलण्यात 'बसतो' आणि 'चालतो' हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, पण वहीत त्यांच्यात फरक करावाच लागतो. क्लच केबलच घ्या. दुसऱ्या मॉडेलची, थोडी आखूड केबल दोन्ही टोकांना व्यवस्थित अडकते. हँडल सरळ असताना लिव्हरही हलकी लागते. हँडल पूर्ण एका बाजूला वळवले की केबल ताणली जाते, लिव्हरची मोकळी चाल संपते आणि क्लच अर्धवट सुटू लागतो. अॅक्सिलरेटरच्या केबलमध्ये हाच दोष असला, तर गाडी चालू ठेवून हँडल वळवताच इंजिनाचा आवाज आपोआप चढतो. हे वळणावर घडले तर माणूस पडू शकतो. म्हणून केबल बदलली की हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहिल्याशिवाय ती केबल 'चालते' असे वहीत लिहायचे नाही.

यावर माझ्या पाहण्यातला सर्वांत चांगला उपाय अगदी साधा आहे. गाडीच्या नावापुढे एका अक्षराची खूण करायची. 'क' म्हणजे कंपनीच्या कॅटलॉगमध्ये दोन्ही गाड्यांना हाच नंबर दिला आहे. 'म' म्हणजे नंबर वेगळे, पण व्हर्नियरने मापे घेतली आणि ती जुळली. 'ल' म्हणजे प्रत्यक्ष गाडीला लावून, चालवून पाहिले. 'म' आणि 'ल' यांच्यापुढे तारीख आणि मिस्त्रीचे आद्याक्षर हवे. चौथी खूण फुलीची, म्हणजे बसतो पण लावू नये, आणि का ते चार शब्दांत. 'आखूड, हँडल वळवताना ताणते' एवढे पुरे. फुलीची नोंद करायचा कंटाळा येतो, पण नव्याने कामाला लागलेल्या पोराला चुकीपासून वाचवते ती हीच नोंद.

आणि ब्रेक, स्टिअरिंग किंवा चाकाचा पार्ट असेल, तर 'म' पुरेसे मानू नये. तिथे 'क' असेल तरच पार्ट लावावा. माप जुळले म्हणजे धातूचा किंवा लायनरच्या मसाल्याचा दर्जा जुळला असे होत नाही, आणि तो दर्जा व्हर्नियरने मोजता येत नाही.

गाडीचे नाव लिहितानाही 'केव्हापासून, केव्हापर्यंत' हे हवे. अॅक्टिव्हाचे उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचे आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. त्या वेळी आलेल्या अॅक्टिव्हा ६-जीमध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, आणि पुढचे चाक १० इंचांऐवजी १२ इंचांचे झाले. मागचे चाक १० इंचांचेच राहिले. त्यामुळे 'अॅक्टिव्हा, पुढचा टायर' अशी ओळ आज निरुपयोगी ठरते. तिच्या दोन ओळी कराव्या लागतात. गिऱ्हाइकाला मॉडेल आठवत नसेल, तर आरसी बघावी, तिच्यावर गाडी तयार झाल्याचा महिना आणि वर्ष असते. विक्रीची तारीख धरू नये, कारण जुन्या बांधणीची गाडी शोरूममध्ये काही महिने उभी राहून नंतर विकली गेलेली असू शकते.

सुरुवातीच्या ब्रेक शूची नोंद आता अशी दिसेल: पार्टचे नाव, मागचा ब्रेक शू संच. नंबर, पाकिटावर छापला आहे तसाच, इंग्रजी अक्षरांत. माप, ११० मिलिमीटर. गाडी, स्प्लेंडर प्लस, ११०च्या ड्रमची, खूण 'क'. फुली, १३०च्या ड्रमची स्प्लेंडर, 'ड्रमला टेकत नाही'. जागा, ख-२-०४. शिल्लक ५, किमान ४. शेजारच्याच ओळीत १३०चा संच, वेगळा नंबर आणि वेगळा खण. हे दोन्ही खण एकमेकांना लागून ठेवू नयेत. दिसायला सारख्या वस्तू शेजारी असल्या, की घाईत हात चुकतो.

जागेचा पत्ता तीन भागांत पुरतो: रॅकचे अक्षर, खालून कितवा कप्पा, डावीकडून कितवा डबा. ख-२-०४ म्हणजे 'ख' रॅक, दुसरा कप्पा, चौथा डबा. पत्ता डब्यावरही लिहायचा आणि कप्प्याच्या कडेवरही, म्हणजे डबा हलला तरी कळते. चेन-स्प्रॉकेटसारखा जड माल खाली ठेवावा. गॅस्केट सपाट ठेवावे, दुमडलेल्या जागी ते पुढे गळते. केबल मोठ्या वेटोळ्यात खुंटीवर टांगावी. लायनर ऑइल आणि ग्रीसपासून दूर ठेवावे. ऑइल सील, ट्यूब आणि रबरी बूट उन्हापासून, तसेच कॉम्प्रेसरच्या मोटरपासून आणि वेल्डिंगपासून लांब ठेवावेत. मोटरच्या ठिणग्यांतून आणि वेल्डिंगमधून तयार होणारा ओझोन वायू रबराला बारीक चिरा पाडतो. असा सील पाकिटात नवा दिसतो आणि लावल्यावर महिनाभरात गळू लागतो. सील दोन बोटांत हलकेच वाकवून ओठाच्या कडेला चिरा दिसतात का, हे पाहिले की समजते. पाकिटावर पॅकिंगचा महिना-वर्ष छापलेले असते. ते पाहून जुने पाकीट पुढे आणि नवे मागे लावावे.

किमान साठा अंदाजाने न ठरवता हिशेबाने ठरवावा. समजा, एखादा ब्रेक शू संच आठवड्याला तीन लागतो आणि वितरकाचा माणूस आठवड्यातून एकदाच येतो. एक फेरी चुकली तर दोन आठवडे काढावे लागतील, म्हणजे सहा संच. शिल्लक सहावर आली की मागणी नोंदवायची. उलट, वर्षभर ज्या ओळीत एकही नग बाहेर गेला नाही, तिथे लाल खूण करावी. तो माल परत घेतला जातो का ते वितरकाला विचारावे आणि तो पुन्हा मागवू नये.

वही कागदाची असो की कॉम्प्युटरवरची, दोन्ही चालतात. कॉम्प्युटरच्या तक्त्यात नंबराचे आणि जागेचे रकाने भरायच्या आधी 'टेक्स्ट' प्रकारात बदलून घ्यावेत. नाहीतर नुसत्या आकड्यांच्या नंबरापुढचे शून्य गळून पडते, आणि 3-07 असा नुसत्या आकड्यांचा पत्ता टाकला तर त्याची तारीख होते. कागदावर धोका आणखी वेगळा आहे: शून्य आणि O, एक आणि I, आठ आणि B. म्हणून नंबर ऐकून न लिहिता पाकिटावरून उतरवावा. कंपनीने जुना नंबर बंद करून नवा दिला, तर जुना खोडू नये. त्याच्यापुढे बाण करून नवा लिहावा, कारण गिऱ्हाइकाच्या जुन्या बिलावर जुनाच नंबर असतो.

सगळा माल एका दिवसात नोंदवायला बसले, तर वही अर्धवट राहते. लायनर, केबल, बेअरिंग, सील आणि फिल्टर या रोज लागणाऱ्या पाच गटांपासून सुरुवात करावी. बाकीचा पार्ट जेव्हा हातात येईल, तेव्हा त्याची ओळ घालावी.

गाडीवाल्यांनीही एक गोष्ट करावी. गाडीचा पार्ट बदलला, की मिस्त्रीकडून बिलावर नुसते 'केबल' असे न लिहिता पार्ट नंबर लिहून घ्यावा आणि रिकामे पाकीट मागून घ्यावे. त्याच्यावरच्या नंबराचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी परगावी गाडी बंद पडली, तर तिथल्या मिस्त्रीला गाडीचे नाव सांगण्याआधी तो फोटो दाखवा.