पैसे गेले की आले?

पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेल्याच्या बातम्या आता वरचेवर येतात आणि दर वेळी दुकानदाराला एकच सल्ला मिळतो, सावध राहा. रसायनीत पाताळगंगेच्या कंपन्यांतली शिफ्ट सुटते, मोहोपाड्याच्या बाजारात गल्ल्यासमोर दहा माणसं उभी राहतात. त्या गर्दीत सावध राहायचं म्हणजे हाताने नेमकं काय करायचं, हे कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट, गिऱ्हाइकाच्या फोनवरून निकाल लावायचा नाही. २०२० च्या अखेरीला हैदराबाद पोलिसांनी काही जणांना पकडलं. ते पेटीएमची हुबेहूब नक्कल करणारं ॲप वापरून दुकानदारांना फसवत होते. अशा ॲपमध्ये दुकानाचं नाव आणि रक्कम टाइप केली की हिरवी खूण, तारीख, वेळ सगळं पडद्यावर उमटतं. बँकेशी त्याचा काहीच संबंध नसतो. म्हणून अक्षरं किंवा रंग न्याहाळण्यात वेळ घालवू नका. चांगली नक्कल डोळ्यांना कळत नाही. पैसे आले का, याचं उत्तर आपल्याच बाजूला शोधायचं.

इथेच बरेच दुकानदार गोंधळतात. क्यूआर कोड थेट आपल्या बँक खात्याचा असेल, तर पैसे लगेच खात्यात पडतात आणि बँकेचा मेसेज येतो. पण पेमेंट कंपनीने दिलेला व्यापारी क्यूआर असेल, तर बऱ्याचदा दिवसभराची रक्कम नंतर एकत्र जमा होते. मग प्रत्येक विक्रीला बँकेचा मेसेज येणारच नाही. अशा वेळी त्या कंपनीच्या व्यापारी ॲपमधली व्यवहारांची यादी उघडायची. आपला क्यूआर यातला कोणता आहे, हे आजच पाहून ठेवा. ‘पैसे जमा झाले’ असा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला असेल, तर तो बँकेचा नव्हे.

साउंडबॉक्स उपयोगी आहे, कारण त्याला स्वतःचं सिम असतं आणि निरोप कंपनीच्या सर्व्हरकडून येतो. तरी त्याच्यावर सगळा भार टाकू नये. समजा, संध्याकाळी दोघांनी २४० रुपयांचं सामान घेतलं. डबा एकदा बोलला, ‘दोनशे चाळीस रुपये मिळाले’. दोघेही फोन दाखवून निघाले. यादी उघडली तर नोंद एकच. पैसे कोणी दिले?

याचा उलगडा बारा आकडी यूटीआर क्रमांकाने होतो. तो गिऱ्हाइकाच्या व्यवहाराच्या तपशिलात असतो आणि तोच आपल्या नोंदीतही असतो. यातली एक बारीक खूण फार थोड्यांना ठाऊक असते. यूपीआयच्या या क्रमांकातला पहिला आकडा सहसा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. १५ ऑगस्ट २०२५ हा वर्षातला २२७ वा दिवस, म्हणजे क्रमांक बहुधा ५२२७ ने सुरू होणार. जुनाच स्क्रीनशॉट तारीख बदलून दाखवला, तर तो इथे उघडा पडतो. पण आकडे जुळले म्हणून पैसे आले असं मात्र धरू नका. हुशार भामटा तेही जुळवेल. तोच क्रमांक आपल्या यादीत दिसला, तरच पैसे आले.

यादीत क्रमांक नाही म्हणून समोरचा चोर ठरत नाही. नेटवर्क अडकलं तर त्याच्या खात्यातून पैसे खरोखर कापले जातात आणि आपल्यापर्यंत पोचत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार दुकानदाराला पेमेंटची खात्री न मिळाल्यास ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवी. उशीर झाल्यास बँकेला ग्राहकाला दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. त्यामुळे ‘पेंडिंग’ व्यवहारात ओळखीच्या कामगाराचं नाव, फोन आणि यूटीआर उधारीच्या वहीत लिहून घेणं मला योग्य वाटतं. अनोळखी माणसाला रोख मागावी, नाहीतर माल बाजूला काढून ठेवावा. यात कोणाचा अपमान नाही. गिऱ्हाइकांनीही डबा बोलेपर्यंत दोन मिनिटं थांबावं. पाचशेच्या विक्रीत किराणावाल्याला सुटणारा नफा थोडा असतो आणि एक खोटा स्क्रीनशॉट त्याची दिवसाची कमाई नेतो.

फसवणूक झालीच, तर रक्कम लहान म्हणून सोडू नका. १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा, आणि पोलीस ठाण्यातही जा. त्याआधी एक काम करा. दुकानातल्या कॅमेऱ्याचं त्या वेळचं चित्रण त्याच दिवशी काढून ठेवा. काही दिवसांनी त्यावर नवं चित्रण चढतं आणि चेहरा कायमचा पुसला जातो.